सेल्समनला कमिशन द्यायचं, पण गिऱ्हाईक पळवून लावायचं नाही

प्रश्न: "माझं तालुक्याच्या गावात साड्यांचं दुकान आहे. काउंटरला दोघं, एक ताई आणि एक पोरगा, दोघांना फिक्स १४ हजार. विक्री वाढावी म्हणून कमिशन चालू करावं म्हणतोय, पण भीती वाटते की मग ते गिऱ्हाईकाच्या मागेच लागतील. किती द्यावं आणि कशावर द्यावं?"

आधी आकडा देतो, कारणं मागून. दोघांचं मिळून एकच कमिशन ठेवा, प्रत्येकाच्या बिलावर वेगळं नको. महिन्याची निव्वळ विक्री काढायची, म्हणजे जीएसटी वजा, परत आलेला माल वजा, त्यावर अर्धा टक्का, आणि मागच्या वर्षी त्याच महिन्यात जेवढी विक्री होती त्याच्या वर जे जाईल त्यावर आणखी ३ टक्के. जी रक्कम येईल ती दोघांत हजेरीच्या दिवसांप्रमाणे वाटायची. पगार आहे तो तसाच ठेवायचा, आणि कमिशन साधारण पगाराच्या १५ ते २० टक्क्यांच्या आसपास राहील असं बघायचं.

आता हे असंच का ते सांगतो. मी साडीच्या लाईनमध्ये २६ वर्षं आहे, त्यातली पहिली ९ वर्षं कोल्हापुरात दुसऱ्याच्या गादीवर बसून साड्या दाखवल्या. तिथे प्रत्येकाच्या नावावर बिल फाटायचं आणि नियम असा होता की महिन्याला दीड लाखाच्या वर विक्री गेली तर सगळ्या विक्रीवर २ टक्के, दीड लाखाच्या खाली राहिली तर काहीच नाही. एका महिन्यात २९ तारखेला मला साडेसहा हजार कमी पडत होते. दुपारी एक काकू आल्या, बरोबर मुलगी, साखरपुड्याची साडी हवी होती, बसल्या बसल्याच त्या म्हणाल्या की चार हजारापर्यंत दाखवा. मी काय केलं, चार हजारातल्या दोन-तीन साड्या काढल्या पण अशाच काढल्या की ज्या मुलीच्या रंगावर उठणार नाहीत, त्या नुसत्या घडीवरच दाखवल्या, पदर उघडलाच नाही, आणि मग ८,२०० ची सिल्क काढून पूर्ण पदर उलगडला, मुलीच्या खांद्यावर टाकला, आरशासमोर उभं केलं आणि म्हणालो, काकू, असा दिवस परत येतो का. मुलीचा चेहरा खुलला आणि त्या चेहऱ्यासमोर आईला नाही म्हणता येईना. बिल झालं. एक तारखेला काकू नवऱ्याला घेऊन परत आल्या, साडी बदलून ३,९०० ची घेतली, उरलेल्या पैशाची चिठ्ठी घेतली आणि एक शब्द न बोलता गेल्या. पुढे त्या मुलीच्या लग्नाचा बस्ता समोरच्या दुकानात बांधला, पिशव्या घेऊन जाताना मी बघितलं.

मला मात्र त्या महिन्याचं कमिशन मिळालं, कारण परतीचा माल पुढच्या महिन्यात धरला गेला. ३ हजार रुपये. म्हणजे त्या दिवशी ती एक साडी माझ्यासाठी ३ हजाराची होती, तिच्यावर दुकानाला तेवढं मार्जिनसुद्धा धड नव्हतं. मी काही वाईट माणूस नव्हतो, त्याच काकू पाच तारखेला आल्या असत्या तर मी त्यांना सरळ चार हजाराची चांगली साडी दिली असती. म्हणून मी कुणी कमिशनबद्दल विचारलं की सगळ्यात आधी हेच सांगतो की टार्गेटचा उंबरठा ठेवू नका, "एवढं झालं तरच" ही अटच माणसाला महिनाअखेरीस गिऱ्हाईकाच्या मानेवर बसवते. पहिल्या रुपयापासून थोडं मिळत राहिलं तर कुठलीच एक साडी जीवावर येत नाही, गिऱ्हाईक हात हलवत गेलं तरी सेल्समनचे वीस रुपये गेले एवढंच, त्यासाठी कुणी हट्टाला पेटत नाही.

दुसरी गोष्ट, नावावर बिल. साडीच्या दुकानात हे फार घातक आहे कारण आपलं काम नुसतं विकण्याचं नाही, घड्या घालण्याचंही आहे. एका गिऱ्हाईकाला चाळीस-पन्नास साड्या उलगडून दाखवल्या की मागे ढीग पडतो, तो ढीग कुणी आवरायचा? नावावर कमिशन असलं की जो तो दारातून येणाऱ्या पुढच्या गिऱ्हाईकाकडे धावतो आणि ढीग तसाच राहतो. बस्त्याची मंडळी आली की दोघं उठणार, आणि एखादी आजी परकर घ्यायला आली किंवा कुणी फॉल-पिको झालेली साडी न्यायला आली की दोघंही मोबाईलमध्ये बघणार. आणि तीच आजी चार महिन्यांनी नातीच्या लग्नाला बारा जणांना घेऊन येणारी असते, हे तुम्हालाही माहीत आहे. वर भांडणं वेगळी, "त्या माझ्या गिऱ्हाईक आहेत, मागच्या वेळी मी दाखवलं होतं." तुमच्याकडे दोघंच आहेत, दोघांचं एकत्र कमिशन ठेवलं की ताई साडी दाखवत असताना पोरगा आपणहून घड्या घालतो, पाणी देतो, कारण ते बिल त्याचंही आहे.

एकत्र कमिशनचा तोटा पण आहे, एक जण काम करणार आणि दुसरा बसून खाणार. पण दोन-तीन माणसांत हे लपत नाही, तुम्ही गल्ल्यावर बसलेले असता, आठ दिवसांत दिसतं. पाच-सहाच्या वर माणसं झाली की मात्र एकाचा वाटा इतका बारीक होतो की त्याला वाटतं मी मेहनत केली काय नाही केली काय, तेव्हा ही पद्धत चालणार नाही, तेव्हा काउंटरप्रमाणे गट पाडावे लागतात. तुमची आज ती अडचण नाही.

तिसरी गोष्ट डिस्काउंटची, आणि इथे बरेच मालक न कळत पैसे घालवतात. समजा ४,००० ची साडी आहे, खरेदी ३,००० ची, तुमच्या हातात हजार. सेल्समनला बिलावर २ टक्के कमिशन आहे म्हणजे त्याचे ८० रुपये. गिऱ्हाईक घासाघीस करतंय, सेल्समन तुमच्याकडे बघून म्हणतो, शेठ, चारशे सोडा की, घेतायत त्या. तुम्ही सोडले. त्याचे ८० चे ७२ झाले, ८ रुपये गेले, तुमचे हजारातले ४०० गेले. त्याला डिस्काउंट मागण्यात काहीच जात नाही म्हणून तो प्रत्येक बिलाला मागणार, आणि हळूहळू सगळ्या गावाला कळणार की या दुकानात दोनदा नाही म्हटलं की दहा टक्के सुटतात. माझ्याकडे नियम असा आहे की काउंटरवरचा माणूस डिस्काउंटचा शब्दच काढत नाही, जो काय असेल तो फक्त गल्ल्यावर, आणि बस्ता असेल तर किती सोडायचे ते आधीच ठरलेलं असतं. मार्जिनवर कमिशन द्यावं असंही काही जण म्हणतात, हिशोबाने ते बरोबरही आहे, पण मग खरेदीचा भाव सेल्समनला सांगावा लागतो आणि मुख्य म्हणजे जास्त मार्जिनचा माल तो गिऱ्हाईकाच्या माथी मारायला लागतो, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

आता तुमच्यासारख्या दुकानाचा हिशोब मांडून दाखवतो. धरा मागच्या वर्षी त्या महिन्यात जीएसटी सोडून ६ लाखाची विक्री होती. यंदा बिलं झाली ६ लाख ८० हजाराची, त्यातला २० हजाराचा माल परत आला, राहिले ६ लाख ६० हजार. याचा अर्धा टक्का ३,३००. मागच्या वर्षीपेक्षा ६० हजार जास्त, त्याचे ३ टक्के १,८००. एकूण ५,१००. ताई २६ दिवस आल्या, पोरगा २३ दिवस, एकूण ४९ दिवस, म्हणजे एका दिवसाला साधारण १०४ रुपये. ताईंना २,७०० च्या आसपास, पोराला २,४०० च्या आसपास. तुमच्या बाजूने बघा, वाढलेल्या ६० हजारावर २५ टक्के मार्जिन धरलं तर १५ हजार जास्त आले, त्यातले ५,१०० वाटले. विक्री वाढलीच नाही तर मात्र ३ हजार तुमच्या खिशातून जाणार हे मनाशी पक्कं धरून चला. ते ३ हजार मी वाया गेले असं मानत नाही, त्या पैशातून ढीग आवरला जातो आणि आजीला कुणीतरी उठून विचारतं.

चालू करायच्या आधी एक रविवार काढून मागच्या १२ महिन्यांच्या विक्रीवर हा हिशोब कागदावर करून बघा, लगीनसराईत किती द्यावे लागले असते, पितृपक्षात किती. एप्रिल-मेचा आकडा बघून पोटात गोळा येत असेल तर टक्का आत्ताच कमी करा, नंतर नाही. हे मी स्वतः भोगलंय. माझं दुकान झाल्यावर पहिल्याच वर्षी मी वाढीवर ५ टक्के कबूल केले, मे महिन्यात बस्ते जोरात झाले आणि एका मुलाचं कमिशन त्याच्या पगाराच्या निम्म्यावर गेलं. मला ते जड वाटलं आणि जूनपासून मी ५ चे ३ टक्के केले. त्या मुलाने भांडण केलं नाही, पण त्याने मन काढून घेतलं, दिवाळीच्या आधी तो सोडून गेला आणि त्याच्या पाठोपाठ त्याला नावाने विचारत येणाऱ्या बायकाही कमी झाल्या. चूक सर्वस्वी माझी होती. आता माझ्याकडे दर पाडव्याला टक्का ठरतो आणि पुढच्या पाडव्यापर्यंत हलत नाही, मग मला कितीही जड जावो.

मागच्या वर्षीचा तोच महिना धरायचा असं म्हटलं खरं, पण आपला धंदा पंचांगावर चालतो, इंग्रजी महिन्यावर नाही. २०२५ ला लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, २०२६ ला ते ८ नोव्हेंबरला आहे. नुसता ऑक्टोबर ऑक्टोबरशी लावला तर दोघांनी जीव तोडून काम करूनही ऑक्टोबरमध्ये वाढ शून्य दिसणार आणि नोव्हेंबरमध्ये काही न करता डोंगर दिसणार. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबर एकत्र धरा आणि वाढीचे पैसे डिसेंबरच्या दहा तारखेला एकदम द्या, अर्धा टक्का मात्र महिन्याच्या महिन्याला चालू ठेवा. तसंच २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून, त्यात लग्नं नाहीत म्हणजे मेच्या उत्तरार्धातले बस्ते गेले, पण धोंड्याच्या महिन्यात लेक-जावयाला वाण द्यायला कापड लागतंच, तो वेगळा धंदा असतो, बिलं लहान पण भरपूर. अशा वेळी एप्रिल, मे, जून तिन्ही एकत्र करून मागच्या वर्षीच्या तिन्हीशी लावा, आणि आकडा तरीही पडला तर तो त्या दोघांचा दोष नाही हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

परतीच्या मालासाठी, साडी बदलायची मुदत तुमच्याकडे ७ दिवस असेल तर कमिशन पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला द्या, म्हणजे ३० तारखेला विकलेली साडी परत यायची असेल ती येऊन जाते. दिलेले पैसे परत कधीच मागू नका, त्यानंतर काही आलंच तर पुढच्या हिशोबात वजा करा. आणि साडीतच दोष निघाला, कुठे धागा ओढलेला, जरीकाम काळं पडलेलं, तर ती परती कमिशनमधून वजा करू नका, तो खरेदीचा दोष आहे, म्हणजे तुमचा.

गिऱ्हाईकाच्या मागे लागणं सुरू झालंय हे तुम्हाला कान देऊन ऐकण्यापेक्षा बिलबुकात लवकर दिसेल. नुसती विक्री बघू नका, बिलं किती फाटली ते बघा. समजा आधी महिन्याला ४१० बिलं होती आणि सरासरी बिल १,४६० चं, आणि कमिशननंतर ३६० बिलं झाली पण सरासरी १,८३० झालं. विक्री ६ लाखावरून ६ लाख ५९ हजारावर गेली, तुम्ही खूश, पण ५० बिलं कमी झाली, म्हणजे रोज दोन गिऱ्हाईकं काही न घेता बाहेर पडतायत किंवा येतच नाहीयेत. सरासरी वाढली आणि बिलं घटली की समजायचं लहान गिऱ्हाईकाकडे कुणी बघत नाही किंवा त्याच्यावर महाग माल ढकलला जातोय. दुसरी खूण बदलीची, म्हणून बदलीची एक वही ठेवा, तारीख, मूळ किंमत, बदलून नेलेली किंमत, एवढंच. बाई रंग बदलून त्याच किमतीची साडी नेत असेल तर ठीक आहे, घरात तसं होतंच, पण बदली सारखी सारखी खालच्या किमतीत होत असेल तर काउंटरवर जबरदस्ती होतेय, त्यात शंका नको.

एक गोष्ट जी अजिबात करू नका असं मी कळकळीने सांगेन ती म्हणजे पडून राहिलेल्या मालावर लपून कमिशन. बरीच दुकानं करतात, जुन्या साडीला चिठ्ठीवर बारीक खूण असते, ती विकली की नगामागे वीस-पन्नास रुपये सेल्समनला, गिऱ्हाईकाला काहीच कळत नाही. मग सेल्समन तीच साडी "ताई, कालच आलाय माल" म्हणून दाखवतो. दोन वर्षं एकाच घडीत पडलेली साडी असते, दुकानातल्या पिवळ्या लाईटखाली काही दिसत नाही, घरी खिडकीपाशी उलगडली की घडीच्या रेषेवर रंग उडालेला दिसतो, हाताने चाचपलं तर तिथे कापड मऊ पडलेलं लागतं. वीस रुपयांसाठी आपण सेल्समनला खोटं बोलायला शिकवलं आणि ते बाईला घरी जाऊन कळलं. जुना माल काढायचाय तर उघड काढा, वेगळी रांग लावा, "मागच्या सिझनचा माल, ३० टक्के कमी" असं लिहा, घड्या वर्षातून दोनदा मोडून नव्याने घाला, आणि त्या रांगेतल्या साडीमागे दोघांच्या कमिशनमध्ये १०-१५ रुपये टाका. मी तसंच करतो आणि त्या रांगेला गावातल्या बायका स्वतःहून येतात.

वैयक्तिक काहीच द्यायचं नाही असंही नाही. एक गोष्ट मी नावावर देतो, गिऱ्हाईकाने येऊन "त्या ताई आहेत का?" असं विचारलं तर मी गल्ल्यावर एक रेघ मारतो, महिनाअखेरीस रेघेमागे २० रुपये, खरेदी कितीची झाली ते बघत नाही. हे पैसे जबरदस्तीने मिळवता येत नाहीत, म्हणून मला ते द्यायला आवडतं. माझ्याकडच्या एक ताई आहेत, त्या गिऱ्हाईकाला सरळ सांगतात, हा रंग घेऊ नका, पहिल्या दोन धुण्यात सुटेल, तुम्ही वेगळी धुवायला विसरलात तर माझ्या नावाने ओरडाल. त्या बिलाचं नुकसान होतं. पण सगळ्यात जास्त रेघा त्यांच्याच असतात.

पगाराबद्दल थोडक्यात, फिक्स पगार हा दुकाने-आस्थापनांसाठीच्या किमान वेतनाच्या खाली नको, कमिशन धरून तेवढा भरतो असा हिशोब लावू नका, आणि त्यातला महागाईचा भत्ता जानेवारी-जुलैला बदलतो तेव्हा तुमच्या झोनचा आकडा तपासत जा. कायद्याचं सोडलं तरी ज्याच्या घरचं भाडं आणि पोरांची फी कमिशनवर अवलंबून आहे तो मागे लागणारच, त्याला कितीही समजावलं तरी. त्याने घेतलेली उचल पगारातून हप्त्याने कापा, कमिशनला हात लावू नका, ते पैसे त्याच्या हातात सुटे पडू द्या.

दहा तारखेला देताना पाकिटाबरोबर एक कागद द्या, त्यावर एकूण विक्री, परती, मागच्या वर्षीचा आकडा, दोघांची हजेरी आणि वाटा, पाच ओळी हाताने लिहिलेल्या चालतील. आणि ज्या दिवशी चालू कराल त्या दिवशी दोघांना समोर बसवून वरचा ६ लाख ६० हजाराचा हिशोब त्यांच्याकडूनच करून घ्या. ताईंना एकदा विचारा की समजा गिऱ्हाईकाने काहीच घेतलं नाही तर तुमचं किती नुकसान. त्यांनी "काही नाही, परत येतील" असं म्हटलं तर त्यांना नियम कळलाय, "माझे एवढे गेले" म्हणाल्या तर अजून एकदा समजावून सांगा आणि चालू करायला आठ दिवस थांबा.